मंदिराची घटना आणि ‘मंदिर की घटना’

हिंदी आणि मराठी या दोन भाषांत रूपाने एक परंतु अर्थाने भिन्न असलेल्या शब्दांच्या याद्या आपल्या नियतकालिकांतून अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. अशा यादीचा प्रारंभ बहुधा ‘शिक्षा’ या शब्दाने होतो. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण आणि मराठीत दंड, हे सांगून झाले की ‘चेष्टा’ येते; हिंदी माणूस शांततेसाठी चेष्टा करतो तेव्हा तो प्रयत्न करीत असतो, थट्टा नव्हे. मग ‘खाली’, मग ‘संसार’, मग एखादा फजितीचा किस्सा. वाचक हसतो आणि पान उलटतो.

या याद्यांविषयी माझी तक्रार अशी आहे की, ज्या शब्दांपासून धोका नाही त्यांच्याविषयीच त्या आपल्याला सावध करतात. ‘चोरास दोन वर्षांची शिक्षा झाली’ हे वाक्य हिंदी वाचकापुढे आले, तर चोराला शाळेत घातले असे त्यास क्षणभर वाटेल. पण पुढच्याच क्षणी वाक्य त्याला अडवील आणि तो कोणास तरी विचारील. जो शब्द चुकीच्या अर्थाने घेतला असता वाक्य हास्यास्पद होते, तो शब्द आपली चूक आपणच उघड करतो. खरी हानी करतात ते शब्द वेगळेच. त्यांचा अर्थ बदलला तरी वाक्य कोसळत नाही. ते तितकेच डौलदार, तितकेच शहाणपणाचे उभे राहते, फक्त दुसरेच काही सांगू लागते. असे शब्द हास्यविनोदाच्या सदरात सापडत नाहीत. ते सापडतात ठरावांत, नियमावलींत, खरेदीखतांत, आणि आपल्या मंदिरांच्या जुन्या दप्तरांत.

काही वर्षांपूर्वी माळव्यातील एका मराठी मंदिराचे असेच एक दप्तर माझ्यापुढे आले. मंदिर जुने, वस्ती तीन-चार पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून येऊन स्थायिक झालेली, दप्तर सर्व मराठीत. मध्यप्रदेशातील जिल्हा न्यायालयांचे कामकाज हिंदीत चालते आणि तेथील सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५१ च्या लोक न्यास अधिनियमाखाली होते. त्यामुळे या मराठी दप्तराचा हिंदी अनुवाद करणे प्राप्त झाले होते. मंडळींनी तो वस्तीतल्याच एका सुशिक्षित गृहस्थांकडून करवून घेतला. गृहस्थ मराठी घरात वाढलेले, हिंदी शाळेत शिकलेले. दोन्ही भाषा त्यांना सारख्याच सहज येत होत्या. त्या अनुवादाचेच हे परीक्षण समजावे, कारण त्यात जे घडले ते व्यक्तीचे अज्ञान म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

पहिला प्रकार निरुपद्रवी होता. दप्तराच्या आरंभी ‘मंदिराची घटना’ या मथळ्याखाली मंदिराची नियमावली होती. अनुवादकाने ‘मंदिर की घटना’ असे लिहिले. कचेरीतील लिपिकाने कागद उलटसुलट पाहून सरळ प्रश्न केला, “घटना कब की है? रिपोर्ट लिखाई थी?” संस्कृतातील एकाच धातूपासून हा शब्द निघाला. मराठीने त्यातील जुळवणीचा, रचनेचा अंश धरून ठेवला आणि त्यावर ‘राज्यघटना’, ‘घटनासमिती’, ‘घटनादुरुस्ती’ असा सारा व्यवहार उभारला. हिंदीने ‘घडणे’ हा अंश घेतला आणि घटना म्हणजे केवळ प्रसंग, बहुतेक वेळा वाईटच प्रसंग, असे ठरवून टाकले. मराठीलाही तो दुसरा अर्थ ठाऊक आहे. म्हणूनच मराठी माणसाला ही जागा निसरडी आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. आपल्या मनात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि हिंदीच्या घरात त्यांपैकी एकच राहतो, हे विसरायला होते. असो. लिपिकाच्या प्रश्नाने ही चूक जागीच पकडली गेली आणि मथळा बदलला.

पुढील शब्दांना मात्र असा लिपिक भेटला नाही.

घटनेच्या एका कलमात मंदिराच्या शेतजमिनीचे व बाजारातील दुकानांचे ‘उत्पन्न’ देवाच्या नित्यपूजेस व नैवेद्यास लावावे, असे लिहिले होते. मराठीत उत्पन्न म्हणजे मिळकतीचे उत्पन्न: पीक विकून आलेला पैसा, दुकानाचे भाडे, ठेवीचे व्याज, सर्व काही. हिंदीत ‘उत्पन्न’ हे नाम नव्हे. ते विशेषण आहे, जे निपजले ते उत्पन्न. पैशाच्या अर्थी तेथे ‘आय’ किंवा ‘आमदनी’ म्हणावे लागते. अनुवादकाने ‘उत्पन्न’ तसाच ठेवला, आणि पुढे स्वच्छ प्रत करणाऱ्या कोणा हिंदीभाषी माणसास तो व्याकरणदृष्ट्या अपुरा वाटल्यामुळे त्याने प्रामाणिकपणे वाक्य दुरुस्त केले. ‘भूमि एवं दुकानों में उत्पन्न वस्तुएँ’ असे ते झाले. दुकानात वस्तू निपजत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असले तरी मुळात तसेच असेल असे त्याने मानले. जमिनीचा गहू नैवेद्यास बांधलेला राहिला. दुकानांचे भाडे, जे गव्हाच्या कितीतरी पट होते, ते कलमातून निसटले. या एका शब्दावर पुढे वाद उभा राहिला नाही, हे त्या देवाचे भाग्य. राहिला असता तर भाड्यावर देवाचा हक्क कोठे लिहिला आहे, हे दाखविण्यास त्या हिंदी प्रतीत एकही ओळ नव्हती.

‘विश्वस्त’ या शब्दाची गत याहून सूक्ष्म आहे. मराठीत विश्वस्त ही व्यक्ती नसून पद आहे. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक न्यासांचा जो कायदा केला, त्याचे आजचे मराठी नावच ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम’ असे आहे. हिंदीत ते पद ‘न्यासी’. तेथे ‘विश्वस्त’ म्हणजे विश्वासू, भरवशाचा; वर्तमानपत्रांत ‘विश्वस्त सूत्रों के अनुसार’ म्हणतात तो. आता वाक्य पाहा: ‘देवाचे दागिने दोन विश्वस्तांच्या ताब्यात राहतील.’ हिंदीत: ‘देवता के आभूषण दो विश्वस्तों के अधिकार में रहेंगे.’ हिंदी वाचकास यात काहीच खटकणार नाही. दागिने भरवशाच्या माणसांकडेच ठेवावेत, यात शंका कसली? परंतु पदाला संख्या असते, मुदत असते, नेमणुकीची रीत असते, आणि हिशेब मागता येतो. गुणाला यांपैकी काहीच नसते. उद्या कोणी म्हणेल की अमुक सोनार गावात सर्वांच्या विश्वासातला होता, म्हणून दागिने त्याच्याकडे दिले, तर हिंदी प्रत त्याला खोटा पाडू शकत नाही. शब्द एका अक्षरानेही बदलला नाही आणि पदाचा गुण झाला.

गोव्यातील वाचकांस याच जातीचा एक शब्द रोजच्या परिचयाचा आहे. तेथील देवस्थानांचे महाजन हे वंशपरंपरेने त्या देवस्थानाच्या संस्थेचे घटक असतात. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीने त्यांच्या हक्कांना लेखी रूप दिले आणि मामलेदाराकडे देवस्थानांवरील प्रशासकीय अधिकार सोपवला. कोकणी घरात आणि मराठी घरात ‘आमी त्या देवाचे महाजन’ असे अभिमानाने म्हटले जाते. हिंदी प्रदेशात महाजन म्हणजे व्याजबट्टा करणारा सावकार. माझ्याबरोबर गोव्यास आलेले एक हिंदीभाषी वकीलमित्र एका देवळातील फलक वाचून गंभीर झाले. महाजनांची सभा, महाजनांची यादी, महाजनांच्या वर्गणीचा हिशेब. हे देऊळ फार कर्जात बुडाले असावे आणि सारे सावकार वसुलीसाठी एकत्र जमत असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांचा तर्क चुकला नव्हता. फलकावरील प्रत्येक वाक्य त्यांच्या अर्थानेही बरोबर लागत होते, आणि म्हणूनच देवदर्शन आटोपून गाडीत बसेपर्यंत त्यांनी मला काही विचारले नाही.

आता त्या माळव्यातील दप्तराकडे परत येतो; कारण ज्या शब्दावरून प्रत्यक्ष वाद झाला तो अजून सांगावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘राजीनामा’.

मराठीत राजीनामा म्हणजे पदत्याग, यात दुमत नाही. हिंदी प्रदेशातील न्यायालयांत, विशेषतः मध्यप्रदेश आणि राजस्थानात, राजीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही पक्षांत ‘राजीनामा’ झाला की खटला मिटतो. लोकअदालतीत दिवसभर हाच शब्द कानावर पडतो. पदत्यागास तेथे ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात. शब्द फारसीतून आला. ‘राजी’ म्हणजे खूश, संमत. ‘नामा’ म्हणजे लेख. संमतीचा लेख एवढाच मूळ अर्थ. कोणाची संमती आणि कशाला, हे शब्द सांगत नाही, आणि येथेच दोन वाटा फुटल्या. हिंदीच्या कचेऱ्यांनी ती वादी आणि प्रतिवादी या दोघांची, वाद मिटविण्यास दिलेली संमती मानली. मराठीच्या कचेऱ्यांत ती एकट्याची, आपला हक्क आपण होऊन सोडण्यास दिलेली संमती ठरली. याचा मधला टप्पा मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या जुन्या कागदांत आजही पाहावयास मिळतो, आणि बेळगावकडील मंडळींच्या घरी असे कागद पुष्कळ असतील. जमिनीचा कब्जेदार ‘राजीनामा’ लिहून देई आणि नवा कब्जेदार ‘कबुलायत’ लिहून देई. पहिल्याने सोडली, दुसऱ्याने पत्करली. जमीन सोडण्याचा लेख पुढे नोकरी सोडण्याचा झाला, पद सोडण्याचा झाला. आपला ‘रजा’ हा शब्दही त्याच अरबी कुळातला. हिंदी-उर्दूत रज़ा म्हणजे संमती, ‘रज़ामंदी’तली, मराठीत ती जाण्याची परवानगी झाली आणि तेथून सुटी झाली. म्हणजे या कुळातील शब्द मराठीत आले की उठून निघून जाण्याकडे त्यांचा कल होतो, असे म्हणता येईल. हिंदीत मात्र ते बसून मिटविण्याच्या बाजूचे राहिले.

त्या मंदिराच्या सभावृत्तांतात असे वाक्य होते: ‘श्री. अमुक यांनी दुकानांच्या भाड्यासंबंधी चाललेल्या वादामुळे आपला राजीनामा सादर केला. तो सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ अनुवाद असा: ‘श्री अमुक ने दुकानों के किराये सम्बन्धी विवाद के कारण अपना राजीनामा प्रस्तुत किया, जो सर्वसम्मति से स्वीकृत हुआ.’ शब्दास शब्द, क्रमास क्रम. शाळेतील परीक्षकाने यास पूर्ण गुण दिले असते.

हे अमुक गृहस्थ विश्वस्त होते आणि भाडेकरूंपैकी एकाशी त्यांचा वाद होता. पद सोडल्यावर त्यांच्या जागी दुसऱ्या गृहस्थांची निवड झाली आणि नव्या मंडळाने भाडे वाढविले. भाडेकरूने दाव्यात म्हणणे मांडले की नवे मंडळ बेकायदा आहे. पहिल्या विश्वस्तांनी पद कधी सोडलेच नाही. पुरावा कोणता? मंदिराने स्वतःच हजर केलेली हिंदी प्रत. तीत तर स्पष्ट लिहिले होते की भाड्याच्या वादाबाबत ‘राजीनामा’ झाला आणि तो सर्वांनी एकमताने स्वीकारला. म्हणजे जुन्या भाड्यावर तडजोड झाली, वाद मिटला, आणि विश्वस्त आपल्या जागी कायम राहिले. हे म्हणणे ऐकून आमची मंडळी संतापली, हा निव्वळ कांगावा आहे असे त्यांस वाटले. मला तसे वाटले नाही. भाडेकरूचा वकील जन्माने व शिक्षणाने हिंदी. त्याने ते वाक्य जसे वाचले तसेच त्या न्यायालयातील कोणीही वाचले असते. दाव्याच्या काळात भाडे न्यायालयात जमा होत राहिले आणि देवाचा नैवेद्य वस्तीने वर्गणी काढून चालविला. पुजाऱ्याचे वेतनही तसेच.

मूळ मराठी वृत्तांत न्यायालयापुढे ठेवणे हा पहिला उपाय, आणि तो केला. पण मूळ ठेवले तरी प्रश्न राहतोच, कारण मुळातही शब्द तोच आहे! लिपी तीच, अक्षरे तीच. परकी भाषा परक्या लिपीत असती तर तिच्याविषयी कोणी जाणकार बोलवावा, हे न्यायाधीशास आपोआप सुचले असते. येथे हिंदीभाषी न्यायाधीश मराठी पान उघडतो आणि त्यास ‘राजीनामा’ स्वच्छ वाचता येतो. आपणास कळले आहे असे वाटणे, हीच येथील अडचण. कायद्यात यास वाट आहे. १८७२ च्या साक्ष अधिनियमाच्या ९८ व्या कलमात अशी तरतूद होती की, लेखातील शब्द स्थानिक किंवा प्रांतिक असेल, अथवा विशिष्ट अर्थाने योजलेला असेल, तर त्याचा अर्थ दाखविण्यास पुरावा देता येतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती तरतूद राखली आहे. तीनुसार आम्ही मराठीतील प्रयोग दाखविणारी साक्ष दिली.

तथापि खरे सांगावयाचे तर निकाल कोशाने लागला नाही. अर्थ ओळखण्याच्या खुणा त्या वाक्यातच होत्या आणि आम्हांपैकी कोणीच त्या आधी नीट पाहिल्या नव्हत्या. पहिली खूण ‘आपला’ या शब्दाची. तडजोड कोणाची एकट्याची ‘आपली’ नसते. दुसरी खूण क्रियापदाची. मराठीत राजीनामा एक जण देतो आणि दुसरा मंजूर करतो. हिंदीतील राजीनामा दोघांत ‘होता है’ किंवा दोघे मिळून ‘करते हैं’. आणि तिसरी, जी न्यायाधीशांनीच काढली. त्यांनी वृत्तांताला जोडलेला मूळ कागद हातात घेऊन भाडेकरूच्या वकिलास विचारले, “राजीनामा अगर दो पक्षों में हुआ, तो दूसरे के दस्तखत कहाँ हैं?” दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २३ व्या आदेशात १९७६ च्या दुरुस्तीनंतर तडजोड लेखी व पक्षकारांच्या सहीची असावी लागते. कागदावर सही एकच होती. त्याच वृत्तांतातील पुढच्या सभेत रिक्त जागा भरल्याची नोंद होती; जागा रिक्त झाल्यावाचून ती भरली कशी, याचे उत्तरही भाडेकरूपाशी नव्हते. हिंदी प्रतीत ‘राजीनामा’ काढून ‘त्यागपत्र’ घालण्याची परवानगी मिळाली आणि दावा मूळ मुद्द्यावर, म्हणजे भाड्यावर, पुढे चालला.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सही दोघांची असती, म्हणजे समजा पद सोडण्याच्या पत्रावर भाडेकरूनेही साक्षीदार म्हणून सही केली असती, तर या खुणा एवढ्या बोलक्या राहिल्या नसत्या. वाक्यातील सोबतीच्या शब्दांवरून अर्थ ओळखण्याची रीत चांगली; पण सोबत जेव्हा दोन्ही अर्थांना सारखीच साजते, तेव्हा ती रीत थकते. ‘हरकत’ या शब्दाचे असेच होते. ‘ठरावास तीन सभासदांनी हरकत घेतली’ या वाक्यात ‘घेतली’ हे क्रियापद मराठी अर्थ सांभाळून धरते. मुळात हरकत म्हणजे हालचाल. आपल्याकडील गवई तानेत हरकत घेतो ती त्याच जुन्या अर्थाची. हालचालीची मराठीत अडथळ्याकडे आणि अडथळ्याची आक्षेपाकडे वाटचाल झाली असे दिसते. हिंदीत हालचाल आगळिकीकडे गेली. परंतु वृत्तांत लिहिणारे नेहमी पूर्ण वाक्य लिहीत नाहीत. समासात नुसते ‘तीन सभासदांची हरकत’ असे असते. त्याचे ‘तीन सदस्यों की हरकत’ झाले की सभेत तिघांनी काही गैरवर्तन केले, असाच अर्थ हिंदीत निघतो, आणि वाक्यात तो खोडून काढणारे काही उरत नाही. उलट दिशेनेही हाच प्रमाद होतो. हिंदी जाहीर सूचनेत ‘जिस किसी को आपत्ति हो’ असे असते, म्हणजे ज्याची हरकत असेल त्याने मुदतीत कळवावे. आमच्या वस्तीतील फलकावर तिचे मराठी रूप झळकले: ‘ज्या कोणास आपत्ती असेल त्याने लेखी कळवावे.’ वाचणाऱ्यांना ते मंदिराच्या सहायता निधीचे आवाहन वाटले. आपत्तीत सापडलेली एक वृद्ध बाई खरोखरच अर्ज घेऊन आली. हरकत असलेले आले नाहीत. मुदत टळून गेली.

या साऱ्यावर एक उपाय आमच्या विद्वान मंडळींकडून नेहमी सुचविला जातो: फारसी शब्द टाळा, संस्कृत शब्द वापरा, म्हणजे दोन्ही भाषांत एकच अर्थ राहील. संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदानेही हिंदीने आपला शब्दसंग्रह मुख्यतः संस्कृतातून वाढवावा असे म्हटले आहे, तेव्हा हा उपाय अनेकांस राजमार्ग वाटतो. परंतु वरील उदाहरणे पुन्हा पाहा. घटना, उत्पन्न, विश्वस्त, महाजन, आपत्ती हे सारे संस्कृतच आहेत. राजीनामा आणि हरकत हे तेवढे परके. संस्कृत शब्दाने एकवाक्यता येत नाही, उलट वाचकाचा संशय झोपतो; कारण फारसी शब्दाकडे मराठी माणूस निदान थोड्या परकेपणाने पाहतो, संस्कृत शब्द मात्र आपल्या देवघरातला म्हणून डोळे मिटून स्वीकारतो. आपण कीर्तनात ‘प्रपंच करून परमार्थ साधावा’ असे ऐकतो. हिंदी श्रोत्याच्या कानी प्रपंच म्हणजे कपट, कारस्थान. त्याने तो उपदेश कसा घ्यावा? शब्द वेदान्तातला, दोघांचा. मराठीत तो संतांच्या मार्गाने घरसंसारापर्यंत आला आणि हिंदीत मायेच्या खोटेपणावरून माणसाच्या खोटेपणावर उतरला. अर्थ कोठे मुक्काम करील, हे उगमावरून सांगता येत नाही. ज्या कचेऱ्यांत, देवळांत आणि घरांत तो शब्द वापरला गेला, त्यांनी ते ठरविलेले असते.

त्या प्रकरणानंतर मराठी दप्तराची हिंदी प्रत तपासण्याची मी एक रीत ठेवली आहे. मूळ न पाहिलेल्या आणि मराठी न येणाऱ्या हिंदी माणसास प्रत वाचावयास देतो आणि प्रत्येक कलमात काय सांगितले आहे ते त्याने आपल्या शब्दांत मला सांगावे, असे म्हणतो. त्यास अडखळावयास सांगत नाही, कारण तो अडखळणार नाही. तो सरळ सांगत जातो आणि मी मूळ हातात धरून ऐकतो. भाडे नैवेद्याला नाही, गहू तेवढा आहे, असे तो म्हणाला की ‘उत्पन्न’ सापडते. दोन्ही भाषा जाणणाऱ्याकडून ही तपासणी होत नाही, हे अनुभवाने सांगतो. तो हिंदी शब्द वाचतो आणि मराठी अर्थ ऐकतो. याला वेळ लागतो आणि पक्षकारांस तो वायफळ वाटतो, हेही खरे.

त्या गृहस्थांनी केलेला मूळ अनुवाद अजून माझ्याजवळ आहे. त्यात ‘वहिवाट’ हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि नऊही ठिकाणी प्रसंगानुसार ‘प्रबन्ध’, ‘कब्जा’ किंवा ‘परम्परा’ असा अचूक उतरला आहे. ‘वर्गणी’, ‘नेमणूक’, ‘मानकरी’ यांचेही तसेच. या शब्दांना हिंदीत जुळे भावंड नाही, म्हणून ते त्यांच्यापाशी थांबले, कोणास तरी विचारले, आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हे करून ठेवली. ‘राजीनामा’ असलेल्या पानाचा समास अगदी कोरा आहे.